पापणीवरचा लाल डाग आणि बाळाच्या चष्म्याचा नंबर

नौपाड्यातील आमच्या दुकानात चार-सहा महिन्यांच्या बाळाचा चष्मा करून घ्यायला पालक येतात, तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: डाग पापणीवर आहे, डोळा तर उघडा दिसतो, मग चष्मा कशासाठी? हे माहितीपत्रक त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

स्ट्रॉबेरीसारखा दिसणारा हा लाल डाग म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गाठ असते आणि डॉक्टर तिला हेमँजिओमा म्हणतात. ग्रहणाशी किंवा आईच्या खाण्यापिण्याशी तिचा संबंध नाही. जन्मतः ती बहुधा दिसत नाही किंवा नुसता फिकट ठिपका असतो. पहिल्या काही आठवड्यांत ती उठून दिसू लागते, पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढते आणि वर्षभरानंतर सावकाश ओसरू लागते. ‘आपोआप जाईल’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पाठीवरच्या किंवा दंडावरच्या डागाबाबत बहुतेक वेळा खरे ठरते. पापणीवर मात्र ते पुरेसे नाही, कारण गाठ ओसरायला काही वर्षे लागतात आणि डोळ्याने पाहायला शिकण्याचा काळ नेमका तोच असतो.

गाठ मोठी होऊन पापणी बाहुलीवर उतरली, तर त्या डोळ्याला चित्रच मिळत नाही, हे कोणालाही दिसते. न दिसणारा धोका अधिक वेळा आढळतो: बाहुली पूर्ण उघडी असली, तरी वरच्या पापणीतील गाठ बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर दाब देते, त्याची गोलाई बिघडते आणि डोळ्याला सिलिंडरचा नंबर येतो. एका डोळ्याचे चित्र स्पष्ट आणि दुसऱ्याचे अस्पष्ट असले की मेंदू अस्पष्ट चित्र बाजूला टाकायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात, आणि ही सवय मुरल्यानंतर गाठ नाहीशी झाली तरी दृष्टी आपोआप परत येत नाही.

मागील पावसाळ्यात आलेल्या एका बाळाचे उदाहरण घेऊ. तिसऱ्या आठवड्यात डाव्या वरच्या पापणीवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला आणि अडीच महिन्यांत तो शेंगदाण्याएवढा झाला. बाहुली झाकलेली नव्हती. उजवा डोळा हाताने झाकला की बाळ मान फिरवून रडत असे आणि डावा झाकला तर शांत राहत असे. आईने हे आंघोळीनंतर अंग पुसताना टिपले होते. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून, रेटिनोस्कोपच्या प्रकाशाने नंबर काढला. या तपासणीत बाळाने काहीच सांगावे लागत नाही. उजव्या डोळ्याला सिलिंडर 0.50 आणि डाव्याला 3.00 निघाला.

बालरोगतज्ज्ञांशी बोलून पोटातून प्रोप्रानोलोल सुरू झाले. हे मूळचे हृदयविकार व रक्तदाबाचे औषध आहे. 2008 साली बोर्डो येथील डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी ते दिले असता अशी गाठ आक्रसल्याचे त्यांच्या लक्षात आले. मात्रा वजनावर ठरते: बाळ पाच किलोचे असल्याने सुरुवातीला दिवसाला एकूण 5 मिलिग्रॅम, नंतर वाढवून 10 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. आकडे केवळ समजण्यासाठी दिले आहेत, मात्रा डॉक्टरच ठरवतात. काही दिवसांत गाठ मऊ व फिकट झाली, तरीही औषध बाळ वर्षाचे होईपर्यंत चालले, कारण लवकर थांबवल्यास गाठ पुन्हा फुगू शकते.

औषध दूध पाजल्यावरच द्यावे. बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या करत असेल, तर ती मात्रा न देता डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण रक्तातील साखर उतरू शकते. घाम फुटणे, अंग गार पडणे, नेहमीपेक्षा सुस्त होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती दिसताच बाळाला रुग्णालयात न्यावे. छातीत घरघर होत असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे. लहान, पातळ व वरवरच्या डागासाठी कधी टिमोलोलचे थेंब डागावर लावायला देतात. खोल गाठीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

सहा महिन्यांनी डावा सिलिंडर 1.25 वर आला. उरलेल्या फरकासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे दोन्ही लागले. पट्टी किती वेळ बांधायची हे नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिले तेवढेच करावे. जास्त वेळ बांधल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. ती त्वचेवर चिकटणारी असावी, चष्म्याच्या काचेवर लावली तर बाळ कडेने डोकावते.

एवढ्या लहान बाळाच्या नाकाला उंचवटा नसतो, म्हणून आम्ही मऊ सिलिकॉनची, मागे पट्ट्याने बांधायची फ्रेम आणि न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच देतो. गाठ आक्रसली की नंबर बदलतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नये, आणि नवा नंबर घेऊन येताना जुना चष्मा सोबत आणावा: फ्रेम व्यवस्थित बसत असेल, तर आम्ही फक्त काचा बदलून देतो.