शॉर्ट सेलिंग

आपल्याकडे नसलेला शेअर उसना घेऊन आजच्या भावाने विकायचा आणि पुढे भाव उतरल्यावर तोच शेअर बाजारातून विकत घेऊन ज्याचा त्याला परत करायचा, या व्यवहाराला शॉर्ट सेलिंग म्हणतात. नेहमीच्या सौद्यात खरेदी आधी आणि विक्री नंतर होते. इथे क्रम उलटा असतो. भाव उतरला तर मधला फरक हा नफा, चढला तर तोटा.

ही पद्धत शेअर बाजाराइतकीच जुनी आहे. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये इझाक ल मेर या व्यापाऱ्याने इतरांना सोबत घेऊन डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर अशा रीतीने विकले. कंपनीने सरकारकडे तक्रार केली आणि १६१० मध्ये हाती नसलेले शेअर विकण्यावर बंदी आली. तेव्हापासून भाव कोसळला की बोट आधी मंदीवाल्यांकडे, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने शॉर्ट करणाऱ्यांकडे, दाखवले जाते. २००८ च्या आर्थिक संकटातही अनेक देशांनी बँकांच्या शेअरचे शॉर्ट सेलिंग काही काळ बंद केले होते.

तरीही पद्धत टिकली, कारण तिच्याविना बाजाराला एकच बाजू ऐकू येते. एखादा शेअर महाग आहे असे वाटणाऱ्याजवळ तो शेअरच नसेल, तर त्याचे मत भावात उतरायला दुसरी वाट उरत नाही. भाव मग फक्त आशावादी लोक ठरवतात. पण प्रत्येक शॉर्ट करणारा कंपनीच्या वाईटावर टपलेला असतो, हा समज चुकीचा आहे. पुष्कळ सौदे दुसऱ्या सौद्याची जोखीम झाकण्यासाठी होतात. एकाच कंपनीच्या दोन प्रकारच्या शेअरपैकी स्वस्त वाटणारा घ्यायचा आणि महाग वाटणारा शॉर्ट करायचा, म्हणजे बाजार एकूण चढो वा पडो, दोहोंतली तफावत कमी झाली की फायदा. फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीत २००८ मध्ये अनेक फंडांनी नेमके हेच केले होते. कंपनीचे साधे शेअर मतदानाचा हक्क नसलेल्या प्रेफरन्स शेअरच्या मानाने फार महागले होते, म्हणून त्यांनी साधे शेअर शॉर्ट केले.

उसने शेअर येतात कुठून? पेन्शन फंड, निर्देशांक फंड आणि विमा कंपन्या यांच्याकडे शेअर वर्षानुवर्षे पडून असतात. ते ब्रोकरमार्फत उसने दिले की त्यांना थोडे भाडे मिळते, आणि बदल्यात शेअरच्या किमतीपेक्षा काहीसे अधिक तारण मिळते. शेअर दुर्मीळ झाला की हे भाडे भराभर वाढते. मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तेवढी रक्कम शॉर्ट करणाऱ्याला आपल्या खिशातून मूळ मालकाला द्यावी लागते. शिवाय मालक सहसा केव्हाही शेअर परत मागू शकतो. दुसरीकडून उसना मिळाला नाही, तर मिळेल त्या भावाने बाजारातून घेऊन द्यावा लागतो.

समजा, एकाने शुक्रवार, २४ ऑक्टोबर २००८ रोजी फोक्सवॅगनचे १०० शेअर साधारण २१० युरोंना शॉर्ट केले. विक्रीचे २१,००० युरो त्याच्या हाती येत नाहीत, ते ब्रोकरकडे अडकून राहतात. त्यावर आणखी निम्मी रक्कम, म्हणजे १०,५०० युरो, त्याने मार्जिन, म्हणजे तोटा झाल्यास भरपाईसाठीची अनामत, म्हणून भरली असे धरू. ब्रोकरकडे एकूण ३१,५०० युरो झाले. कंपनी पार बुडून भाव शून्यावर आला तरी त्याचा नफा २१,००० युरोंच्या पुढे जाणार नाही. शून्याच्या खाली भाव जात नाही. वरच्या बाजूला मात्र असे छत नाही. भाव ३१५ युरो झाला की सगळे मार्जिन संपते आणि त्यापुढचा प्रत्येक युरो त्याच्यावर १०० युरोंचे कर्ज चढवतो. शेअर विकत घेणारा फार तर घातलेले पैसे गमावतो. शॉर्ट करणाऱ्याचा तोटा मात्र भरलेल्या मार्जिनपाशी थांबत नाही. तो शेअर परत देण्याचे देणे लागतो, आणि त्या देण्याची किंमत दुसरेच लोक ठरवतात.

यात आणखी एक खोच आहे, जिच्याकडे नवख्यांचे लक्ष जात नाही. घेतलेला शेअर पडत गेला की त्याचा आपल्या भांडवलातला वाटा आपोआप लहान होतो. शॉर्टमध्ये उलटे घडते: अंदाज चुकत जातो तसतसा सौदा मोठा होत जातो. जे प्रमाण सुरुवातीला झेपणारे वाटले होते, ते सर्वांत वाईट वेळी न झेपणारे होऊन बसते.

रविवार, २६ ऑक्टोबरला बाजार बंद असताना पोर्शे या जर्मन मोटार कंपनीने जाहीर केले की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के साधे शेअर तिच्याकडे आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर तिचे ऑप्शन, म्हणजे ठराविक भावाने खरेदीचे हक्क, आहेत. हे ऑप्शन शेअर न देता भावातल्या फरकाची रोख रक्कम देऊन मिटवायचे असल्याने ते आधी उघड करण्याचे बंधन नव्हते. ऑप्शन विकणाऱ्या बँकांनी मात्र स्वतःच्या बचावासाठी शेअर घेऊन ठेवले होते, म्हणजे तेही बाजारातून उठलेले. लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्क्यांहून थोडे अधिक शेअर होते आणि ते विकणार नव्हते. उरले जेमतेम ६ टक्के. शॉर्ट झालेले शेअर होते सुमारे १२ टक्के. एकूण शेअरच्या मानाने हा आकडा काही भयंकर नव्हता. मिळू शकणाऱ्या शेअरच्या दुप्पट होता. शॉर्टचे प्रमाण नेहमी फिरत्या, म्हणजे बाजारात खरोखर मिळू शकणाऱ्या, शेअरशी ताडून पाहायचे ते याचसाठी. इथे दुर्दैव असे की फिरते शेअर किती, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

सोमवारी सगळे मंदीवाले एकाच वेळी खरेदीला धावले. याला शॉर्ट स्क्वीझ म्हणतात: शॉर्ट मिटवण्यासाठी खरेदी, खरेदीमुळे भाववाढ, भाववाढीमुळे मार्जिन कॉल, म्हणजे ब्रोकरची आणखी मार्जिन भरण्याची मागणी, आणि त्यामुळे पुन्हा सक्तीची खरेदी. सोमवारी भाव ५२० युरोंच्या आसपास बंद झाला आणि मंगळवारी काही क्षण १,००५ युरोंना शिवला. वरच्या उदाहरणातल्या माणसाला त्या भावाने १०० शेअर घ्यायला १,००,५०० युरो लागले असते. तोटा ७९,५०० युरो, जास्तीत जास्त शक्य नफ्याच्या जवळपास चौपट. ‘अमुक भावाला सौदा कापा’ असा स्टॉप लॉस लावला असता तरी उपयोग नव्हता. भाव पायरी-पायरीने न चढता शुक्रवारच्या बंद भावावरून सोमवारी थेट उडी मारून उघडला, आणि मधल्या भावात विकणारा कोणी नव्हताच.

बुधवारी पोर्शेने ५ टक्क्यांपर्यंतचे ऑप्शन मोकळे करण्याची तयारी दाखवली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. शेअर महाग आहे, हा फंडांचा हिशेब पुढे खरा ठरला; पण मंगळवारी ज्यांचे मार्जिन संपले त्यांचे सौदे तोवर कापले गेले होते.

तोट्याला खरी मर्यादा घालायची तर ठराविक भावाला शेअर विकत घेण्याचा हक्क देणारा कॉल ऑप्शन शॉर्टसोबतच घ्यावा लागतो. भाव कितीही चढला तरी त्या हक्काने शेअर घेऊन परत करता येतो. त्यासाठी मोजलेला प्रीमियम मात्र परत मिळत नाही, आणि ज्या शेअरमध्ये अशी उसळी येण्याची भीती अधिक, त्याचा प्रीमियमही अधिक असतो.