पेंड वाढवली की एफसीआर सुधारतो का?

“सर, ब्रॉयलरच्या शेवटच्या टप्प्यातल्या फिनिशर खाद्यात सोयापेंड वाढवून प्रोटीन १९ वरून २३ टक्के केलं, तर एफसीआर सुधारणारच ना?”

नाही, उलट बिघडू शकतो, म्हणजे किलोभर वजनामागे जास्त खाद्य लागू शकतं. हिशेब मांडून बघा. मका ८.५ आणि पेंड ४६ टक्के प्रोटीनची धरली, तर १९ टक्क्यांसाठी १०० किलोत २८ किलो पेंड लागते, २३ साठी जवळपास ३९. ही वाढीव ११ किलो पेंड मक्याची जागा खाते. पेंडीत मक्यापेक्षा ऊर्जा बरीच कमी, त्यामुळे खाद्याच्या किलोमागे सुमारे ११० किलोकॅलरी घटतात. पक्षी ऊर्जेची भूक भागेपर्यंत खातो. २ किलोचा पक्षी ३.२ किलो खात असेल तर एफसीआर १.६, तूट पूर्ण भरून काढायला तो ३.३२ किलो खाईल, म्हणजे १.६६.

मुळात पक्ष्याला हवी असतात अमिनो आम्लं. मका-सोयाच्या रेशनमध्ये पहिली कमी पडते ती मेथिओनिन. ती भागवायला पेंड ओतत राहिलात, तर बाकीची आम्लं उरतात, त्यांतला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेतून जातो आणि त्यातही ऊर्जा खर्ची पडते. शेडमध्ये सकाळी अमोनियाने डोळे चुरचुरले, खाली अंथरलेलं मूठभर लिटर दाबल्यावर गोळा तसाच राहिला, तर पाण्याची गळती तपासा, पण रेशनचा कागदही काढा. १०० किलोत शे-दोनशे ग्रॅम डीएल-मेथिओनिन जे काम करते, ते किलोंनी पेंड घालून महागात पडते.

मूळ रेशनमध्ये लायसिन हे अमिनो आम्लच कमी असेल, तर मात्र पेंड वाढवल्याने फरक दिसतो.