फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर

विमानाचा मार्ग, वजन आणि वाऱ्याची माहिती घेऊन कुठे किती उंचीवर, किती वेगाने असावे याचा हिशेब करणारा संगणक. वैमानिक त्याला 'एफएमसी' म्हणतात. येथील वर्णन बोइंग ७३७ मधील आहे.

दोन्ही वैमानिकांच्या मधल्या भागात, गुडघ्याजवळ, कळफलक आणि छोटा पडदा असतो. टाइप केलेली अक्षरे आधी पडद्याच्या तळच्या ओळीत उमटतात. मग ज्या रकान्यात हवी त्याच्या शेजारची कळ दाबायची. दिल्ली–मुंबईसाठी मार्गाच्या `RTE` पानावर दोन्ही विमानतळांचे कोड `VIDP` आणि `VABB`, त्यानंतर हवाई मार्ग आणि वळणबिंदू. दोन बिंदूंमध्ये दुवा नसेल तर `ROUTE DISCONTINUITY` दिसते. पेटलेली `EXEC` कळ दाबेपर्यंत बदल लागू होत नाही.

`PERF INIT` पानावर इंधनाविना वजन (`ZFW`), राखीव इंधन, वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे गुणोत्तर सांगणारा कॉस्ट इंडेक्स आणि उड्डाणाची उंची भरतात. टाक्यांमधले इंधन संगणक स्वतः वाचतो. खरी गफलत इथेच होते. इंधनाविना वजन ५८ टन आणि इंधन ९ टन असताना ५८ हा आकडा चुकून एकूण वजनाच्या (`GW`) रकान्यात पडला, तर संगणक त्यातून ९ वजा करून `ZFW` ४९ मानतो आणि मुकाट्याने पुढे जातो. उड्डाणाचे वेग कमी निघतात, गाठता येईल अशी कमाल उंची मात्र जास्त दिसते. विमानातल्या वजनांचा तक्ता असलेल्या लोडशीटवरचे एकूण वजन ६७ टन पडद्याशी ताडून पाहिले की चूक लगेच उघडी पडते.

चढताना संगणक वेग धरतो, वाट नव्हे. इंजिने चढाईच्या जोरावर असतात आणि नाक वरखाली करून वेग सांभाळला जातो. १०,००० फुटांखाली साधारण २५० नॉट, वर कॉस्ट इंडेक्सनुसार ठरलेला. त्यामुळे चढाई संपण्याचा बिंदू हा फक्त अंदाज असतो आणि तो सरकत राहतो.

उतरणीचा हिशेब उलटा, धावपट्टीकडून मागे येतो. ३६,००० फुटांवरून मुंबईजवळ ३,००० फुटांवर यायचे तर ३३,००० फूट उतरायचे. इंजिने मंद ठेवून दर हजार फुटांना ढोबळ ३ सागरी मैल धरले तर ९९, आणि वेग कमी करायला आणखी दहाएक. म्हणजे त्या ३,००० फुटांच्या बिंदूच्या सुमारे ११० मैल आधी `T/D`, उतरणीचा आरंभ. पाठीमागून सरासरी ३० नॉट वारा असेल, तर वीस मिनिटांच्या उतरणीत विमान १० मैल जादा पुढे जाते, म्हणून तेवढे आधी निघावे लागते. पण हा वारा संगणकाला उतरणीच्या अंदाजांच्या पानावरून सांगावा लागतो. तो सांगितलाच नाही, किंवा नियंत्रकाने उतरायची परवानगी उशिरा दिली, तर विमान आखलेल्या वाटेच्या वर राहते, वेग वाढू लागतो आणि `DRAG REQUIRED` झळकते. तेव्हा पंखांवरचे स्पीडब्रेक वैमानिकाने हाताने उघडायचे. ते काम संगणक करत नाही.