पापणी लवणे

खालच्या पापणीतील स्नायुतंतूंचे बारीक, लाटेसारखे आणि अनैच्छिक स्फुरण. वैद्यकात यास पापणीचे मायोकिमिया म्हणतात. ते बहुधा एकाच डोळ्याला होते. काही सेकंद किंवा मिनिटे टिकून थांबते आणि दिवसातून अनेकदा परतते. हा क्रम काही दिवस, क्वचित काही आठवडे चालतो. दृष्टीवर परिणाम होत नाही. पापणीची त्वचा अतिशय पातळ असून तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे समोरच्याला जेमतेम दिसणारी हालचाल ज्याची त्याला फार ठळक जाणवते. डोळा लवण्याचे शकुन-अपशकुन प्राचीन आहेत. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त पाचव्या अंकात शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो, तो स्त्रीसाठी अशुभ म्हणूनच.

मायोकिमिया या संज्ञेचे श्रेय सामान्यतः जर्मन वैद्य फ्रीड्रिख शुल्ट्झे यांना (1895) दिले जाते. मात्र क्नी या वैद्यांनी 1888 च्या सुमारास अशाच स्फुरणाचे वर्णन वेगळ्या नावाने केले होते, त्यामुळे पहिले निरीक्षण त्यांचे मानणे अधिक योग्य वाटते. पापणीला ही संज्ञा नंतर लागू झाली.

स्फुरणाचे उगमस्थान वादाचे आहे. पापणी मिटणारा, डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू (ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली) सातव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या म्हणजे आनन तंत्रिकेच्या ताब्यात असतो. विद्युत्-स्नायुआलेखात एकेका प्रेरक घटकातून, म्हणजे एक तंत्रिका पेशी आणि तिच्या ताब्यातील स्नायुतंतूंतून, दोन-दोन, तीन-तीन विद्युत् विसर्ग एकत्र उमटताना दिसतात. एका मतानुसार ते मस्तिष्क स्तंभातील तंत्रिका केंद्रकातून निघतात. दुसऱ्या मतानुसार ते तंत्रिकेच्या टोकाकडील, सहज उत्तेजित होणाऱ्या तंतूंतून निघतात. स्फुरण पापणीच्या एका पट्ट्यापुरतेच राहते आणि चेहऱ्याचे इतर स्नायू शांत असतात, हे पाहता साध्या, अल्पकालीन प्रकारासाठी दुसरे मत अधिक जुळते. चेहऱ्यावर पसरलेल्या मायोकिमियात मात्र मस्तिष्क स्तंभाचा विचार करावाच लागतो.

अपुरी झोप, मानसिक ताण, पडद्यासमोरचे दीर्घ काम, डोळ्यांचा कोरडेपणा आणि कॅफीन ही नेहमीची निमित्ते सांगितली जातात. कॅफीन मेंदूतील, थकव्याची जाणीव करून देणाऱ्या ॲडेनोसीन या द्रव्याचे ग्राही अडवते. त्यामुळे थकवा जाणवत नाही आणि तंत्रिका उत्तेजित राहतात. निरोगी प्रौढात कॅफिनाचे अर्धायुष्य सुमारे 5 तास असते, म्हणून संध्याकाळचा कप रात्रीच्या झोपेवर परिणाम करतो. थकवा आणि चहा यांचे परिणाम त्यामुळे वेगळे काढणे कठीण जाते. या संबंधाचा आधार बहुतांशी रुग्णांच्या कथनाचा आहे. मॅग्नेशियमच्या कमतरतेचा दावा लोकप्रिय असला तरी त्याचा पुरावा दुबळा आहे.

नमुन्यादाखल मार्चअखेरच्या हिशेबात गुंतलेला लेखापाल घ्यावा. झोप पाच तास, दिवसाला सहा-सात कप चहा आणि आठवडाभर लवणारी डावी खालची पापणी. तपासताना वैद्य त्याला भुवया उंचावायला, डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगतात. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलला, स्फुरण पापणीबाहेर गेले नाही आणि डोळा लाल नसला, तर मेंदूच्या प्रतिमाचित्रणाची गरज नसते. चहा हळूहळू कमी करणे (एकदम सोडल्यास डोके दुखते), झोप भरून काढणे, डोळे कोरडे असल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब घालणे एवढे पुरते.

चिंता किती दिवस झाले यापेक्षा स्फुरण कुठवर पोहोचले यावर ठरते. बानिक आणि मिलर या संशोधकांनी 2004 साली मांडलेल्या निष्कर्षानुसार दीर्घकाळ टिकणारे, पण पापणीपुरते राहणारे स्फुरणही निरुपद्रवी असते. याउलट अर्धमुखी आकर्ष (हेमिफेशियल स्पॅझम) पुष्कळदा खालच्या पापणीतच सुरू होतो आणि महिन्यांत किंवा वर्षांत गाल व ओठाच्या कोपऱ्याकडे उतरतो. त्यात डोळा ओढून मिटतो, त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर उचलली जाऊ शकते (फ्रेंच तंत्रिकातज्ज्ञ बाबिन्स्की यांचे 1905 मधील निरीक्षण), आणि झोपेतही झटके राहू शकतात. कारण बहुधा मस्तिष्क स्तंभाजवळ तंत्रिकेवर टेकलेली धमनी हे असते. दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटू लागले तर नेत्रच्छदाकर्षाचा (ब्लेफरोस्पॅझम) विचार होतो. पापणी खाली झुकणे, चेहरा वाकडा होणे, दुहेरी दिसणे, डोळा लाल होऊन दुखणे किंवा चेहऱ्याच्या इतर भागात स्फुरण पसरणे, यांपैकी काहीही दिसल्यास नेत्रतज्ज्ञ वा तंत्रिकातज्ज्ञाकडे जावे. चेहरा अचानक वाकडा झाला किंवा एकाएकी दुहेरी दिसू लागले, तर लगेच रुग्णालय गाठावे. इतर लक्षण नसले तरी काही आठवड्यांत स्फुरण न थांबल्यास एकदा तपासून घेणे योग्य.

आकर्षावर बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा स्नायूत टोचतात. तिचा परिणाम सुमारे तीन-चार महिने टिकतो. साध्या पापणी लवण्यात तिची गरज क्वचितच पडते.