गोळी बंद केली, पण ती शरीरातून गेली का?

दोन बहिणी आहेत असं समजा. धाकटीला चेहऱ्यावर खोल, दुखणारी मुरमं येतात, म्हणून ती आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेते. थोरलीला सोरायसिस आहे आणि तिला ॲसिट्रेटिन दिलेलं आहे. दोघींनी १ जानेवारीला गोळी थांबवली, कारण दोघींना मूल हवं आहे. धाकटीने किमान एक महिना थांबायचं आहे आणि थोरलीने तीन वर्षं! दोन्ही औषधं ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली आहेत, मग एवढा फरक का?

आधी ही औषधं गर्भाला का चालत नाहीत ते पाहू. गर्भाचा चेहरा, कान, हृदय आणि मेंदू घडताना कोणत्या पेशीने कुठे जायचं आणि काय व्हायचं, हे ठरवण्यात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा मोठा वाटा असतो. त्याचं प्रमाण जागोजागी अगदी मोजकं असतं. गोळीतून तसाच रेणू बाहेरून भरमसाट आला की पेशी वाट चुकतात. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना दिवस राहिले आणि गर्भ टिकला, तर शंभरातल्या सुमारे २० ते ३५ बाळांमध्ये जन्मजात व्यंग दिसतं. सगळ्यात नाजूक काळ पहिल्या काही आठवड्यांचा असतो, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट लक्षात येण्याच्या आसपासचा. म्हणून ‘दिवस राहिले की गोळी सोडू’ हा बेत इथे चालत नाही.

आता थांबण्याचा हिशेब. आयसोट्रेटिनॉइनची रक्तातली पातळी साधारण २० तासांत निम्मी होते, पुढच्या २० तासांत त्याची निम्मी. आठवड्याभरात ते जवळपास संपतं, आणि महिनाभर थांबलं की चांगलं अंतर राहतं.

ॲसिट्रेटिनही खरं तर काही दिवसांत निम्मं होतं. पण शरीरात मद्यार्क गेला, तर त्यातल्या काहीचं एट्रेटिनेट बनतं. ते चरबीत मुरून बसतं आणि निम्मं व्हायलाच सुमारे १२० दिवस घेतं. पाच वेळा निम्मं व्हायला ६०० दिवस लागतील, आणि तेव्हाही सुरुवातीच्या शेकडा तीन भाग उरलेलंच असेल. तीन वर्षं थांबायला सांगतात ती यासाठी. मद्यार्क दारूतूनच येतो असं नाही, काही खोकल्याच्या औषधांतही तो असतो. मूल होऊ द्यायचं असलेल्या बाईला हे औषध सहसा देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोरायसिससाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेटही गर्भाला घातक आहे आणि तेही गर्भधारणेच्या काही महिने आधीच थांबवावं लागतं. गरोदरपणात सोरायसिस वाढलाच, तर नॅरोबँड यूव्हीबी किरणांचा उपचार घेता येतो. त्याने रक्तातलं फोलेट कमी होऊ शकतं, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी चुकवायची नाही.

मलमांचं गणित वेगळं आहे, कारण त्वचेतून आत फार थोडं जातं. ट्रेटिनॉइन आणि ॲडॅपलिन ही मुरमांची मलमंही त्याच घराण्यातली, म्हणून गरोदरपणात ती वापरत नाहीत. पण दिवस राहिलेत हे माहीत नसताना कुणी काही दिवस लावली असतील, तर तिने घाबरून जाऊ नये. मलम बंद करावं आणि डॉक्टरांना सांगावं. आत जाणारी मात्रा गोळीच्या मानाने नगण्य असते. त्यांच्याऐवजी ॲझेलेइक ॲसिड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावता येतं. बेंझॉइल पेरॉक्साइडचा जो थोडा अंश आत जातो, त्याचं बेंझॉइक आम्ल होऊन ते लघवीवाटे निघून जातं.

इसब असलेल्या गरोदर बायका स्टिरॉइडच्या मलमाला फार घाबरतात आणि रात्र रात्र खाजवत काढतात, याचं मला वाईट वाटतं. सौम्य आणि मध्यम ताकदीची स्टिरॉइड मलमं गरोदरपणात चालतात. काळजी घ्यायची ती तीव्र ताकदीच्या मलमाची. संपूर्ण गरोदरपणात ते ३०० ग्रॅमच्या वर गेलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. हे मोजायचं कसं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसब असेल, तर दिवसातून एकदा अशा दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम. दोन आठवड्यांत १४ ग्रॅम होतात, म्हणजे ३० ग्रॅमची अर्धी ट्यूबही संपत नाही. ३०० ग्रॅम म्हणजे अशा दहा ट्यूब. ट्यूब उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहून ठेवली, तर किती वापरलं ते डॉक्टरांना नेमकं सांगता येतं.