डॉक्टरांनी लस पुढं ढकलायला सांगितलीय, शाळेला पत्र कसं द्यायचं

जून आला की सांगली-मिरजेतल्या बऱ्याच शाळा पहिलीच्या फॉर्मसोबत लसीकरण कार्डाची झेरॉक्स मागतात, आणि कार्डावर एखादा रकाना मोकळा दिसला की क्लार्क विचारतो हे का राहिलं. राहिलं असेल तर घेऊन टाका, विषय संपला. पण डॉक्टरांनीच थांबा म्हटलं असेल तर तोंडी सांगून भागत नाही, वर्गशिक्षिका बदलल्या की परत पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. म्हणून पत्र.

आधी हे कुणासाठी ते बघू. साधी सर्दी, बारीक ताप, दम्याचा पंप, चार-पाच दिवसांचा स्टेरॉईडचा कोर्स, यासाठी सहसा लस लांबवत नाहीत, आणि "आम्हालाच नको वाटतं" हे तर या पत्रात बसतच नाही. खरं कारण म्हणजे उदाहरणार्थ नेफ्रोटिक सिंड्रोम, ज्यात लघवीतून प्रोटीन जातं, पोराचं तोंड नि पाय सुजतात आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्या कित्येक आठवडे चालतात. रोज किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम, किंवा त्याहून जास्त डोस १४ दिवस किंवा जास्त चालला तर प्रतिकारशक्ती दबते, मग गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआर आणि कांजिण्यांची लस, ज्यात कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो, ती गोळ्या बंद झाल्यावर साधारण ४ आठवडे तरी देत नाहीत. पाचव्या-सहाव्या वर्षीचा डीपीटी बूस्टर मात्र जिवंत लस नाही, त्यामुळं तो डॉक्टरांना विचारून गोळ्या चालू असतानाही घेता येतो. लोक इथंच घोटाळा करतात, "सगळ्या लसी बंद" असं लिहून देतात, आणि शाळा साहजिकच शंका घेते.

आता एक हिशोब मांडून बघू. मुलगा १८ किलोचा, पहिल्यांदाच आजार, २ मार्चला गोळ्या सुरू. सहा आठवडे रोज ३६ मिलिग्रॅम, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत, नंतर सहा आठवडे एक दिवसाआड २७, म्हणजे २४ मेच्या आसपास बंद. पुढं ४ आठवडे धरले की २१ जून येतो. शाळा जूनच्या मध्यात उघडणार, तोपर्यंत एमएमआरचा तिसरा आणि कांजिण्यांचा दुसरा डोस होणारच नाही. पण या आजारात सूज परत येणं म्हणजे रिलॅप्स बऱ्याच पोरांना होतो, मग गोळ्या परत सुरू आणि तारीखही पुढं, म्हणून पत्रात पक्की तारीख लिहून अडकू नका, "अंदाजे" लिहा.

कागद जास्त लागत नाहीत. लसीकरण कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं सर्टिफिकेट, त्यावर सही, शिक्का, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर, आणि मुख्य म्हणजे कोणती लस थांबवलीय आणि परत कधी तपासणार हे लिहिलेलं पाहिजे. नुसतं "अंडर ट्रीटमेंट" लिहिलेली चिठ्ठी दिली तर क्लार्क परत पाठवतोच. डिस्चार्ज कार्डाची अख्खी फाईल देऊ नका, पोराचे सगळे रिपोर्ट ऑफिसात फिरायची गरज नाही. पत्र साधारण असं:

मा. मुख्याध्यापक यांस,
विषय: डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार लसीकरण पुढे ढकलल्याबाबत.
महोदय, माझा मुलगा (नाव) इयत्ता पहिलीत शिकत आहे. त्याच्यावर २ मार्चपासून स्टेरॉईडचे उपचार झाले असून एमएमआर व कांजिण्यांची लस सध्या देऊ नये असा डॉक्टरांचा सल्ला आहे. डीपीटी बूस्टर घेतलेला आहे. राहिलेल्या लसी अंदाजे २१ जूननंतर, डॉक्टरांनी तपासल्यावर देऊ व कार्डाची प्रत जमा करू. तोपर्यंत शाळेत आरोग्य पथक आल्यास आम्हाला विचारल्याशिवाय त्यास लस देऊ नये. वर्गात कोणास कांजिण्या किंवा गोवर झाल्यास त्याच दिवशी फोन करावा ही विनंती.
आपला विश्वासू, (पालकाचं नाव, सही, मोबाईल)

शेवटची विनंती फालतू समजून गाळू नका, माझ्या मते पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. स्टेरॉईडवरच्या पोराला कांजिण्या जड जाऊ शकतात, आणि संपर्क आल्यावर डॉक्टरांना गरज वाटली तर ते संरक्षक अँटीबॉडीचं इंजेक्शन देतात, ते पहिल्या ९६ तासांत दिलेलं चांगलं. शाळेनं सोमवारची गोष्ट शनिवारी सांगितली तर ती वेळ गेली. सांगलीतल्या पोराचा डॉक्टर मिरजेला असतो हे तर नेहमीचंच, तेव्हा त्यांचा नंबर पत्रासोबत वर्गशिक्षिकेकडं पण देऊन ठेवा.

पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर ऑफिसात आवक नंबर नि तारखेचा शिक्का मारून घ्या, ती घरी ठेवा. रिलॅप्स झाला तर नवीन सर्टिफिकेट लावून दोन ओळींचं पत्र परत द्या, जुन्या आवक नंबराचा उल्लेख करून, म्हणजे सगळं परत सांगावं लागत नाही. लस झाली की कार्डाची नवीन झेरॉक्स देऊन आधीच्या पत्राला जोडायला सांगा.