पट्टीला न दिसणारे प्रथिन

१ नोव्हेंबर १८४५ रोजी लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे लघवी भरलेली एक नळी आली. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी सोबत चिठ्ठी जोडली होती. उकळली की ही लघवी जराशी गढूळ होते, नायट्रिक आम्ल घातले की नितळ होते, गार झाली की थिजते आणि पुन्हा तापवली की परत पातळ होते. हे आहे तरी काय, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न रास्तच होता. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की कितीही तापवला तरी पुन्हा पातळ होत नाही. लघवीत एरवी सापडणारे अल्ब्युमिनही तसेच वागते. हे प्रथिन मात्र थिजत होते आणि वितळतही होते. ती लघवी ज्या पंचेचाळिशीतल्या व्यापाऱ्याची होती, तो १ जानेवारी १८४६ ला वारला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या मऊ, ठिसूळ आणि आतून लालसर लिबलिबीत द्रव्याने भरलेल्या आढळल्या. त्या आजाराला आज आपण मायलोमा म्हणतो. ते प्रथिन नेमके काय, हे कळायला मात्र १९६२ साल उजाडले. एडलमन आणि गॅली यांनी दाखवून दिले की तो प्रतिपिंडाचा एक सुटा तुकडा आहे.

प्रतिपिंडे बनवण्याचे काम प्लाझ्मा पेशींचे. या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत राहतात आणि एकेक पेशी सेकंदाला हजार-दोन हजार प्रतिपिंडे बाहेर सोडू शकते. प्रत्येक पेशीचे प्रतिपिंड एकाच ठरलेल्या घडणीचे असते. मायलोमात अशी एखादी पेशी बेलगाम वाढते. तिची सगळी पिल्लावळ तेच एक प्रतिपिंड किंवा त्याचे तुकडे बनवत राहते, आणि संसर्गाशी लढायला त्यांचा काही उपयोग नसतो.

अख्ख्या प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. ते इतके मोठे असते की निरोगी मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहसा जात नाही. सुटी हलकी साखळी मात्र त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढीच, त्यामुळे ती सहज गाळली जाते. निरोगी माणसातही थोड्या सुट्या साखळ्या तयार होतात. गाळणीपुढच्या नलिकेतल्या पेशी त्या शोषून घेतात आणि पचवून टाकतात, म्हणून लघवीत जवळजवळ काही उतरत नाही. मायलोमात या पचवण्यालाच मर्यादा पडते.

समजा, एकसष्ट वर्षांच्या एका बाईंची पाठ तीन महिन्यांपासून दुखते आहे. दिवसातून दोनदा वेदनाशामक गोळी चालू आहे. हल्ली थकवा फार येतो, तहान सारखी लागते, पोट साफ होत नाही. तपासणीत हिमोग्लोबिन ९, म्हणजे कमी, आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन ३.८, म्हणजे बरेच जास्त निघते. कॅल्शियम १२.१, म्हणजे वाढलेले. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर प्रथिन जेमतेम ‘एक प्लस’ दिसते. पण तीच लघवी प्रयोगशाळेत मोजली, तर दिवसाकाठी पाच ग्रॅम प्रथिन जात असल्याचा हिशेब निघतो.

दोन तपासण्यांमधला हा फरक चुकीचा नाही. उलट खरा धागा त्यातच आहे. पट्टीवरचा रंग मुख्यतः अल्ब्युमिनमुळे बदलतो, हलक्या साखळ्या तिला जवळपास दिसतच नाहीत. म्हणून पट्टी गप्प आणि एकूण प्रथिन भरपूर, असे दिसले की जाणकार डॉक्टर लगेच रक्तातल्या सुट्या साखळ्या मोजायला सांगतात. या साखळ्या दोन प्रकारच्या असतात, कप्पा आणि लॅम्डा. निरोगी माणसात त्यांचे गुणोत्तर ०.२६ ते १.६५ असते. मूत्रपिंड बिघडले की ते तीनपर्यंत चढू शकते. या बाईंची कप्पा लिटरमागे ६,००० मिलिग्रॅम आणि लॅम्डा १० आहे. गुणोत्तर ६०० म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही. मज्जेच्या नमुन्यातही ४० टक्के पेशी प्लाझ्मा पेशीच निघतात.

आता मूत्रपिंडात काय चालले आहे ते पाहू. पचवणाऱ्या पेशी इतक्या साखळ्यांखाली अक्षरशः दमतात. त्यांना सूज येते आणि त्या मरायला लागतात. उरलेल्या साखळ्या नलिकेत पुढे सरकतात. तिथे युरोमोड्युलिन नावाचे, मूत्रपिंडच बनवत असलेले एक चिकट प्रथिन असते. साखळ्या त्याला जाऊन चिकटतात आणि नळीच्या आकाराचे घट्ट बूच तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुचे तडे गेलेल्या काचेसारखी दिसतात आणि त्यांच्याभोवती अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी जमलेल्या असतात. बूच बसलेल्या नलिकेमागची गाळणी निकामी होते. सगळ्याच हलक्या साखळ्या असे वागत नाहीत. काहींची घडणच युरोमोड्युलिनला घट्ट धरणारी असते, म्हणून तेवढेच प्रथिन असूनही एकाचे मूत्रपिंड शाबूत राहते आणि दुसऱ्याचे आठवडाभरात बंद पडते.

नलिकेतला द्रव जितका दाट आणि संथ, तितकी बुचे लवकर बसतात. पाठदुखीच्या गोळ्या नेमक्या इथे नडतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या रसायनांवरच घाला घालतात, त्यामुळे रक्त कमी पोचते. मला या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते. हाड दुखते म्हणून घेतलेली गोळी मूत्रपिंडावर उलटते.

आणि हाड दुखते ते कशाने? प्रतिपिंडे हाड खातात, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. हाडाचे नुकसान मायलोमाच्या पेशी स्वतः करतात, शेजाऱ्यांना भडकवून. आपले हाड सतत थोडे खरवडले जाते आणि थोडे भरले जाते. मायलोमाच्या पेशींमुळे मज्जेत ‘रँक लिगँड’ नावाचा इशारा वाढतो आणि खरवडणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात. त्याच वेळी भरणाऱ्या पेशींना दाबून टाकणारी प्रथिनेही सुटतात. म्हणून एक्स-रेवर पंचिंग मशीनने पाडावीत तशी भोके दिसतात, आणि त्यांच्या कडेला नव्या हाडाची किनार नसते. हाडांचा आइसोटोप स्कॅन नवे हाड बनते तिथे उजळतो. इथे नवे हाड बनतच नसल्याने तो बरेचदा निर्धास्त चित्र दाखवतो. त्यामुळे सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय करावा लागतो.

खरवडलेल्या हाडातले कॅल्शियम रक्तात येते. त्याने मूत्रपिंडाची पाणी राखायची क्षमता घटते, लघवी जास्त होते, तहान लागते आणि अंगातले पाणी आटते. मग नलिकेतला द्रव आणखी संथ होतो आणि बुचांना आणखी वाव मिळतो.

या बाईंच्या बाबतीत पहिले काम म्हणजे वेदनाशामक बंद करणे आणि शिरेतून द्रव देणे. त्याबरोबरच साखळ्या बनवणारा पेशींचा कारखाना बंद करायला हवा, आणि त्याला दिवस नव्हे तर तास मोजायचे असतात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसोबत बॉर्टेझोमिब हे औषध दिले जाते, कारण त्याचा डोस मूत्रपिंडासाठी कमी करावा लागत नाही. ते पेशीतली टाकाऊ प्रथिने मोडणारी यंत्रणा अडवते. जी पेशी रात्रंदिवस प्रथिन ओतते, तिलाच ही अडवणूक सर्वांत जास्त भोवते. तीन आठवड्यांत कप्पा ६,००० वरून १,५०० वर आली आणि क्रिएटिनिन उतरायला लागले, तर मूत्रपिंड परतण्याची आशा बरीच वाढते. पाठीच्या मणक्यातली भोके मात्र तशीच राहतात, नवीन पडू नयेत एवढेच पाहता येते.

त्यासाठी नेहमीचे औषध झोलेड्रोनिक आम्ल. पण ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडते आणि इथे ते जपूनच द्यावे लागते. पर्याय म्हणून डेनोसुमॅब वापरतात. ते रँक लिगँडलाच धरून ठेवते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही, कारण गाळणीतून जायला ते फार मोठे आहे. डेनोसुमॅब हे स्वतःच एक प्रतिपिंड आहे, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचे. मूत्रपिंड अधू असताना ते दिले, तर रक्तातले कॅल्शियम उलट फार खाली जाऊ शकते, म्हणून प्रत्येक इंजेक्शनच्या आधी आणि नंतर ते मोजत राहावे लागते.